ताप उतरला, आता दाखवायला आणायला हवं का? : पावसाळ्यात दवाखान्याच्या मेसेजना उत्तर देण्याची पद्धत

जुलै उजाडला की आमच्या दवाखान्याच्या मोबाइलवर सकाळी दहाच्या आत पंधरा-वीस मेसेज आलेले असतात. त्यातले निम्म्याहून जास्त तापाचे. "मॅडम, बाळाला रात्री १०२ ताप होता, कोणतं औषध देऊ?" "सासऱ्यांना थंडी वाजून येतेय, रक्त तपासू का?" आणि दर आठवड्याला दोन-तीन वेळा येणारा, दिसायला सगळ्यात साधा असलेला एक प्रश्न : "ताप उतरलाय, आता आणायला हवं का?"

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फॅमिली डॉक्टर आहे. हा लेख माझ्यासारखे छोटे दवाखाने चालवणाऱ्यांसाठी आणि काउंटरवर बसून मेसेज वाचणाऱ्या त्यांच्या सहकाऱ्यांसाठी आहे. लोक विचारतात ते विचारणारच, आणि त्यांनी विचारलेलंच बरं. सगळ्यांना "दाखवायला या" एवढंच उत्तर दिलं की ते वाक्य लोकांच्या डोळ्यांआड जातं, मग खरंच यायला हवं असतं तेव्हाही कोणी येत नाही. उलट प्रत्येकाला मेसेजवरच औषध सांगत बसलो, तर ज्याचं पोट हाताने दाबून बघायला हवं होतं तोच रोगी घरी राहतो. या दोन्हींच्या मधली वाट मी तापाच्या, त्यातही डेंग्यूच्या उदाहरणाने सांगते, कारण उत्तरात चूक झाली की इथे ती लगेच अंगावर येते.

ताप उतरणं आणि बरं होणं

मलेरियात, साध्या व्हायरल तापात, घशाच्या दुखण्यात ताप उतरला की माणूस सुधारायला लागला असं समजायची आपली सवय आहे. डेंग्यूत उलटं असतं. पहिले दोन-तीन दिवस जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंग मोडून येणं. मग साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येतो, आणि नेमक्या त्याच वेळी काही जणांच्या रक्तवाहिन्यांमधून पाण्याचा अंश बाहेर झिरपायला लागतो. रक्त घट्ट होतं, पोटात आणि छातीत पाणी साठतं, रक्तदाब ढासळतो. हा धोक्याचा काळ २४ ते ४८ तासांचा असतो. तो निभावला की रोगी झपाट्याने सुधारतो.

घरच्यांच्या डोळ्यांसमोर चित्र वेगळंच असतं. थर्मामीटर ९८.६ दाखवतोय, माणूस शांत पडलाय. त्या शांतपणाला ते "झोप लागली बिचाऱ्याला" म्हणतात. ती झोप आहे की ग्लानी, हे मेसेजवर कळत नाही.

आमच्याच दवाखान्यातून काही वर्षांपूर्वी अशा एका प्रश्नाला "ताप नसेल तर काळजी नको, दोन दिवसांनी या" असं उत्तर गेलं. उत्तर काउंटरवरून गेलं होतं आणि ते मी वाचलेलं नव्हतं. ज्यांच्यासाठी विचारलं होतं त्या बाई बचावल्या, पण चार दिवस अतिदक्षता विभागात काढून. त्यानंतर मी जी पद्धत बसवली तीच पुढे सांगते आहे.

आधी ठरवा : माहिती कोण देणार, सल्ला कोण देणार

केंद्र सरकारची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० ला आली. त्यात सल्ला नोंदणीकृत डॉक्टरनेच द्यायचा हे स्पष्ट आहे. म्हणून आमच्याकडे काउंटरवरच्या ताई तीनच कामं करतात : ठरलेले प्रश्न परत विचारणं, मी लिहून ठेवलेली सर्वसाधारण माहिती पाठवणं, आणि धोक्याची खूण दिसली की मला हातातलं काम सोडून उठवणं. ताप कशामुळे असेल, रिपोर्ट चांगला की वाईट, गोळी चालू ठेवायची की बंद, यांतलं काहीही त्या लिहीत नाहीत.

"डेंग्यू कशाने होतो", "थर्मामीटर कसा लावायचा", "ओआरएस कसं बनवायचं" या प्रश्नांचं उत्तर सगळ्या गावाला सारखंच आहे, म्हणजे ती माहिती झाली. "माझ्या मिस्टरांना" असे शब्द आले की तो एका माणसाचा प्रश्न झाला, तो माझ्याकडे येतो. बरेच जण दुसऱ्याच्या नावाने विचारतात, "शेजारच्यांना विचारायचं होतं" असं. तोही एका माणसाचाच प्रश्न समजायचा.

उत्तर लिहिण्याआधी चार गोष्टी परत विचारा

पहिली : वय किती आणि लहान मूल असेल तर वजन किती. वयावरून अर्धी गोष्ट ठरते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा त्याहून जास्त ताप असेल तर पुढचं काही विचारत बसायचं नाही, बाळ लगेच डॉक्टरच्या हातात हवं. गरोदर बाई, साठीपुढचा माणूस, मधुमेही, मूत्रपिंडाचा त्रास असलेला, यांनाही मेसेजवर थांबवून ठेवायचं नाही. त्यांच्यात धोक्याची खूण दिसायची वाट बघणं हाच उशीर असतो.

दुसरी : तापाचा पहिला दिवस कोणता. "तीन दिवस झाले" असं उत्तर घेऊ नका, वार विचारा. "सोमवारी संध्याकाळी कणकण आली" असं कळलं की सोमवार हा पहिला दिवस. लोक ताप मोजला तेव्हापासून धरतात, कणकण आली तेव्हापासून धरत नाहीत, आणि एका दिवसाचा फरक पडतो. डेंग्यूची कोणती तपासणी उपयोगाची हेही याच दिवसावर ठरतं. एनएस-१ सुरुवातीच्या दिवसांत सापडतं, आयजीएम साधारण पाचव्या दिवसापासून. दुसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आलं म्हणजे डेंग्यू नाही, असं समजून घरी बसलेले लोक मी दर वर्षी बघते.

तिसरी : शेवटची लघवी किती वाजता झाली. हा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, पण रक्तदाब मोजायचं यंत्र नसताना अंगातल्या पाण्याचा अंदाज देणारा याच्याइतका चांगला प्रश्न नाही. दिवसभरात चार ते सहा वेळा होत असेल तर पोटात जातंय ते पुरतंय. सकाळपासून झालीच नाही असं उत्तर आलं, तर मेसेज बंद करून फोन लावायचा.

चौथी : आतापर्यंत कोणती गोळी दिली. नाव लिहायला सांगू नका, पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा. "तापाची गोळी दिली" म्हणतात ती पुष्कळदा पॅरासिटामॉलमध्ये आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मिसळलेली निघते. डेंग्यूची शंका असताना या वेदनाशामक गोळ्या आणि ॲस्पिरिन टाळायचं असतं, कारण त्यांनी जठरातून रक्तस्राव व्हायची भीती वाढते. पण हृदयाच्या डॉक्टरांनी ॲस्पिरिन रोज सांगितलेली असेल, तर ती मेसेजवर बंद करायला सांगू नका. त्या माणसाला त्याच दिवशी बोलवा.

हे चार प्रश्न एकाच मेसेजमध्ये, चार ओळींत जावेत. एकेक करून विचारलं तर तिसऱ्या प्रश्नापर्यंत माणूस शेतावर निघून गेलेला असतो.

धोक्याच्या खुणा घरातल्या भाषेत

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शनात डेंग्यूच्या धोक्याच्या खुणा दिल्या आहेत. त्यातल्या काही तपासल्याशिवाय कळतच नाहीत, जसं यकृत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढलेलं असणं. ज्या घरी कळतात त्या मी अशा लिहून ठेवल्या आहेत, आणि तापाच्या प्रत्येक उत्तराबरोबर त्या जातात :

> पोटात सारखं दुखतंय किंवा पोटाला हात लावू देत नाही. पाणी प्यायलं तरी उलटून पडतंय, अशा उलट्या थांबत नाहीत. हिरड्यांतून, नाकातून रक्त येतंय, शी काळी होतेय किंवा पाळी नेहमीपेक्षा फार जास्त जातेय. माणूस एकदम मलूल झालाय, किंवा उलट तळमळतोय, एका जागी पडत नाही. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. हातपाय गार पडलेत. सहा तासांत लघवी झालेली नाही. यातलं एक जरी दिसलं तरी, ताप असो वा नसो, ताबडतोब आणा. मेसेजच्या उत्तराची वाट बघू नका. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

"ताप असो वा नसो" हे शब्द माझ्या जुन्या मजकुरात नव्हते. ते त्या बाईंच्या प्रसंगानंतर आले. "गंभीर लक्षणं आढळल्यास" असलं वाक्य मात्र कधीच लिहू नका. गंभीर म्हणजे काय हे वाचणाऱ्याला माहीत असतं तर त्याने मेसेज केलाच नसता.

मेसेजवर किती सांगता येतं

पुष्कळ सांगता येतं, आणि ते मोकळ्या मनाने सांगावं. माणूस दुसऱ्या दिवशी येणार असला तरी आजची रात्र त्याला घरीच काढायची असते.

ताप कमी करायला पॅरासिटामॉल सांगता येतं. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये निदान सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. यकृताचा आजार किंवा रोजचं दारूचं व्यसन असेल, तर हेही मेसेजवर सांगू नका. मुलांच्या बाबतीत वजन कळल्याशिवाय आणि बाटलीचा फोटो बघितल्याशिवाय मी मिलीचा आकडा लिहीत नाही. कारण साधं आहे. १० किलोच्या बाळाला एका वेळी जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम द्यायचं. पाच मिलीत १२० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ते सव्वासहा मिली होतं. पाच मिलीत २५० चं असेल तर तीन मिली. आणि एका मिलीत १०० मिलिग्रॅमचे ड्रॉप्स असतील तर फक्त दीड मिली. "सहा मिली द्या" असं मी लिहिलं आणि घरात ड्रॉप्सची बाटली निघाली, तर बाळाच्या पोटात चौपट औषध गेलं.

पाण्याच्या बाबतीत "भरपूर पाणी प्या" एवढं लिहून भागत नाही. काय आणि किती ते लिहा. भाताची पेज मीठ घालून, ताक, शहाळ्याचं पाणी, ओआरएस. मळमळत असेल तर ग्लासभर एकदम न देता दर पाच-दहा मिनिटांनी दोन-तीन घोट. ओआरएसच्या पाकिटावर किती पाण्यात घालायचं ते छापलेलं असतं. मोठं पाकीट एक लिटरचं, छोटं २०० मिलीचं. एक लिटरचं अख्खं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळून देणारी घरं अजून आहेत, म्हणून मी "पाकीट फोडण्याआधी मागचा आकडा वाचा" हे दर वेळी लिहिते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा रोगी असेल तर पाण्याचाही हिशोब बदलतो, आणि तो समोर बसवूनच करायचा.

याच्या पुढची औषधं मेसेजवर नाहीत. २०२० च्या त्या तत्त्वांमध्ये औषधांच्या याद्या आहेत. पॅरासिटामॉल, ओआरएस यांसारखी साधी औषधं कोणत्याही माध्यमातून सांगता येतात. पुढच्या यादीतली औषधं पहिल्यांदा लिहायची तर निदान व्हिडिओवर रोगी बघावा लागतो. "आधीची अँटिबायोटिक पडली आहे, ती देऊ का?" याला मी "नको" एवढंच लिहून थांबत नाही. कोणता ताप आहे ते कळायच्या आधी अँटिबायोटिक दिली, तर डेंग्यूला तिचा उपयोग नाही आणि टायफॉइड असेल तर तपासणीत जंतू सापडायचे नाहीत, हे एका ओळीत लिहिते. कारण कळलं की लोक ऐकतात.

कोकणात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. "लावणीला गेले होते", "चिखलात काम केलं", "पायाला जखम होती" असं काही मेसेजमध्ये आलं, पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल झालेत असं आलं, की लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पाण्या-चिखलात पसरणाऱ्या तापाचा, विचार करायचा. लेप्टोचं औषध लवकर सुरू झालं तर फरक पडतो. तेव्हा भातशेती आणि ताप हे दोन शब्द एकत्र दिसले की माझं उत्तर "आजच या" असंच असतं, दिवस पहिला असला तरी.

"या" कसं लिहायचं

बोलावण्यात तीन गोष्टी असाव्यात : केव्हा यायचं, तिथे काय बघणार, आणि येताना काय आणायचं. यातली मधली सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच बहुतेक उत्तरांत नसते. माणूस घरून निघतो, रिक्षाचे पैसे घालतो, एक दिवसाची मजुरी बुडवतो. मेसेजवर जे होत नाही असं इथे काय होणार आहे, ते त्याला कळायला हवं.

एक उदाहरण पूर्ण सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. गुरुवारी सकाळी पावणेबाराला मेसेज आला :

> मॅडम मिस्टरांना सोमवारपासून ताप होता. काल रात्रीपासून ताप नाही. जेवत नाहीत, पोट जड वाटतं म्हणतात. सकाळचा रिपोर्ट पाठवलाय. प्लेटलेट ९६ हजार आहेत, लॅबवाले म्हणाले ठीक आहेत. आता आणायची गरज आहे का? पाऊस खूप आहे.

ताईंनी चार प्रश्न पाठवले. उत्तरं आली : वय ३८, कणकण सोमवारी दुपारपासून, लघवी पहाटे पाचला झाली होती ती शेवटची, गोळी साधी पॅरासिटामॉल.

सोमवार पहिला, म्हणजे गुरुवार चौथा दिवस. ताप गेलेला. पोट जड. जवळजवळ सात तास लघवी नाही. रिपोर्टमध्ये घरचे सगळे प्लेटलेटचा आकडा बघत होते, मी त्याच्या वरची ओळ बघितली. हिमॅटोक्रिट, ज्याला रिपोर्टवर पीसीव्हीही म्हणतात, ४८ होतं. मंगळवारी त्यांनी काढलेल्या पहिल्या रिपोर्टमध्ये ते ४० होतं. म्हणजे दोन दिवसांत वीस टक्क्यांनी वाढलं. रक्तातलं पाणी बाहेर गेलं की उरलेलं रक्त घट्ट होतं, आणि ते या आकड्यात दिसतं. प्लेटलेट ९६ हजार असणं ही त्या रिपोर्टमधली कमी काळजीची गोष्ट होती.

माझं उत्तर असं गेलं, आणि पाठोपाठ फोनही :

> ताई, ताप गेला तरी आज त्यांना आणायलाच हवं, आणि आत्ता. डेंग्यूत ताप उतरतो त्याच दिवशी अंगातलं पाणी कमी व्हायला लागतं, रिपोर्टमध्ये त्याची खूण दिसतेय. मला त्यांचा रक्तदाब बसवून आणि उभं करून बघायचा आहे, पोट दाबून बघायचं आहे, नखं दाबून रक्त किती वेळात परत येतं ते बघायचं आहे. हे फोनवर होत नाही. मोटरसायकलवर मागे बसवून आणू नका, रिक्षा करा. दोन्ही रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. वाटेत थोडं थोडं ओआरएस देत या. नंबर लावायचा नाही, आल्या आल्या ताईंना सांगा.

साडेबाराला ते आले, स्वतःच्या पायांनी चालत. नाडी ११२. रक्तदाब १०४ वर ८६. नुसता १०४ बघितला तर बरा वाटतो. पण वरचा आणि खालचा आकडा यांच्यातलं अंतर १८ होतं, आणि डेंग्यूत ते अंतर २० किंवा त्याच्या आत आलं की रोगी शॉकमध्ये आहे असं समजतात. उजव्या बरगडीखाली दाबल्यावर ते कळवळले. सलाईन लावून, १०८ बोलावून त्यांना उपजिल्हा रुग्णालयात पाठवलं. दुसऱ्या दिवशी प्लेटलेट ४१ हजारांवर आल्या, पण कुठून रक्त जात नव्हतं, म्हणून प्लेटलेट चढवाव्या लागल्या नाहीत. तासाच्या हिशोबाने सलाईन आणि दर काही तासांनी हिमॅटोक्रिट, एवढ्यावर तिसऱ्या दिवशी ते जेवायला लागले.

पोट, नाडी, रक्तदाब यांतलं काहीही मेसेजमध्ये येऊ शकत नव्हतं. येऊ शकत होता तो वार, लघवीची वेळ आणि दोन रिपोर्ट, आणि तेवढ्यावर त्यांना बोलावता आलं.

सगळ्यांना "आत्ता" लिहायचं नसतं. माझ्या उत्तरात तीनच वेळा असतात. "आत्ता" म्हणजे वरच्यासारखं. "आज संध्याकाळी सहाच्या आत" म्हणजे धोक्याची खूण नाही, पण तिसरा दिवस उलटलाय किंवा घरात एकटाच राहणारा माणूस आहे. "उद्या सकाळी" म्हणजे पहिला-दुसरा दिवस, खातोय-पितोय, लघवी होतेय. "गरज वाटल्यास या" ही चौथी वेळ मी काढून टाकली. गरज आहे की नाही हेच तर त्यांनी विचारलेलं असतं.

आणि ज्याला यायची गरज नाही, त्याला तसं स्पष्ट लिहा. नाक गळतंय, थोडा ताप आहे, दुसरा दिवस, पोर घरभर पळतंय, अशा आईला मी "आज आणू नका, रांगेत बसून दुसऱ्याचा खोकला घेऊन जाईल" असं कळवते आणि उद्या संध्याकाळी काय कळवायचं ते सांगते. असं दोन-चारदा झालं की त्या आईला माझ्या "आत्ता या" ची किंमत कळते.

दवाखान्यात बोलावणं आणि गिऱ्हाईक बोलावणं यात कायद्यानेही फरक केला आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत रोग्यांना आपल्याकडे ओढण्यासाठी जाहिरात करणं हे गैरवर्तन आहे. त्यामुळे उत्तरात "आमच्याकडे" हा शब्द मी टाळते. "तुमच्या जवळच्या डॉक्टरांना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात आजच दाखवा, इकडे येणार असाल तर अमुक वेळेला या" असं लिहिते. रोगी वीस किलोमीटरवर असेल आणि आरोग्य केंद्र दोनवर, तर आरोग्य केंद्रच सांगायचं. आणि एखादा म्हणाला की मला प्रत्यक्षच दाखवायचंय, तर त्याला मेसेजवरच भागवा असा आग्रह धरणंही २०२० च्या तत्त्वांप्रमाणे चूक आहे.

प्लेटलेट आणि पपई

"प्लेटलेट एवढ्या आहेत, चढवायच्या का?" आणि "पपईच्या पानांचा रस देऊ का?" या प्रश्नांना मी तयार मजकूर ठेवला आहे, कारण ते दिवसाला दहा वेळा येतात. प्लेटलेट किती हा आकडा एकटा घेऊन निर्णय होत नाही. रक्त जात नसेल तर आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शनाप्रमाणे साधारण दहा हजारांच्या खाली आल्याशिवाय प्लेटलेट चढवायचा विचार करत नाहीत. डेंग्यूत सातव्या-आठव्या दिवसापासून त्या आपोआप वाढतात, आणि त्याच दिवसांत पपईच्या पानांचा रस दिलेला असतो, म्हणून श्रेय त्याला जातं. मी लोकांच्या श्रद्धेवर तुटून पडत नाही. एवढंच लिहिते की तो रस फार कडू असतो, त्याने उलटी झाली तर पोटातलं पाणी जाईल, आणि आत्ता आपल्याला पाणीच टिकवायचंय. रस द्या अगर देऊ नका, तपासायला येणं चुकवू नका.

उत्तर गेल्यावर

शाळेच्या वहीत रकाने आखून ठेवलेत : तारीख, वेळ, नाव, तापाचा पहिला वार, काय विचारलं, काय सांगितलं, केव्हा बोलावलं, आले का. मेसेज फोनमध्ये असतातच, पण "आले का" हा रकाना फोनमध्ये नसतो. संध्याकाळी सात वाजता ताई वही घेऊन बसतात आणि ज्यांच्यापुढे "आत्ता" किंवा "आज" लिहिलंय पण खूण नाही, त्यांना फोन लावतात. कधी ते दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेले असतात, ते ठीकच. कधी फोन घरातल्या शाळकरी मुलाकडे असतो आणि निरोप आजीपर्यंत पोचलेलाच नसतो.

पाचव्या दिवसाच्या आत ज्यांचा ताप उतरला, त्यांच्या नावापुढे लाल पेनने गोल करायचा आणि पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ एकच प्रश्न पाठवायचा : "लघवी किती वेळा झाली, आणि आज काय खाल्लं?" गेल्या हंगामात एका आज्जींनी याला उत्तर म्हणून रिकाम्या ताटाचा फोटो पाठवला. पिठलं-भात संपवला होता. लाल गोलावर मी स्वतः काट मारली.